एका खात्यातली दोन माणसे

महापे एमआयडीसीत माझे कार्यालय आहे. कार्यालय म्हणजे तीन टेबले, एक प्रिंटर आणि औषध कंपन्यांची, बँकांची माहितीपत्रके मराठीत आणून देणारी आम्ही चार माणसे. खिडकीतून शिळफाट्याकडे जाणारा रस्ता दिसतो आणि त्यापलीकडे बिनखिडक्यांच्या मोठ्या इमारती. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे असे आलात की या इमारती वाढत जातात. एके काळी इथे रसायनांचे कारखाने होते, आता डेटा सेंटर आहेत. गेल्या वर्षी पावसाळ्यात, एका शनिवारी दुपारी, माझ्या वहिनी या कार्यालयात आल्या. त्या याच पट्ट्यातल्या एका पॅकेजिंगच्या कारखान्यात हिशेब पाहतात. माझे कार्यालय त्यांच्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. पण अकरा वर्षांत त्या कधी आल्या नव्हत्या.

‘भावोजी, घरी बोलता येणार नाही, म्हणून इथे आले,’ त्या म्हणाल्या.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या छातीत गाठ हाताला लागली होती. त्यांनी दादाला सांगितले नव्हते, स्वतःच्या बहिणीलाही नाही. दादाचा रक्तदाब, पुतण्याची सीईटी, आणि आधी नक्की काय ते कळू दे हा विचार. रात्री सगळे झोपले की त्या हॉलमधल्या संगणकावर बसत आणि चॅटबॉटशी बोलत. सोनोग्राफी आणि मॅमोग्राफीत फरक काय, बायॉप्सी दुखते का, अहवाल किती दिवसांत येतो, आणि शेवटी शेवटी, नवऱ्याला हे कसे सांगावे. बोलून झाले की डावीकडच्या यादीतून तो सगळा संवाद काढून टाकत. ‘रोज रात्री ओटा पुसतो ना, तसं पुसत होते,’ असे त्या म्हणाल्या.

मग पुतण्याने त्याच संगणकावर गणपतीच्या सुट्टीतल्या कोकणच्या प्रवासाचा आराखडा मागितला. आराखडा आला, त्यात गुरुवार मोकळा सोडला होता आणि बायॉप्सीचा अहवाल त्या दिवशी मिळणार असल्याने निघणे शुक्रवारी ठेवावे, असे सुचवले होते. मुलगा स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, ‘आई, कोणाचा रिपोर्ट आहे गुरुवारी?’ वहिनींनी कारखान्यातल्या एका बाईचे नाव सांगितले.

‘मुलाशी खोटं बोलले ते एकदाच. त्याचं मी बघीन. पण मी पुसलेलं परत आलं कुठून?’

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे. वहिनींच्या संमतीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या चॅटबॉटचे नाव देत नाही, कारण झाल्या प्रकारात वाटा आमच्या घरगुती सवयीचाही होता. पुढे नावानिशी जे सांगतो ते त्या त्या कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेल्या नियमांवरून आणि न्यायालयीन नोंदींवरून. मी तंत्रज्ञ नाही. माझा धंदा दुसऱ्याने लिहिलेला मजकूर शब्दाशब्दाने तपासण्याचा आहे, आणि सेटिंग्जचे पान हाही शेवटी मजकूरच. तो आपण कधी वाचत नाही, नुसता ‘ठीक आहे’ म्हणून ओलांडतो. त्या शनिवारी आणि नंतरच्या काही आठवड्यांत मी तो वाचला.

•

पहिली गोष्ट, वहिनींनी जे पुसले तो इतिहास होता. परत आली ती आठवण. मराठीत आपण हे दोन शब्द सैलपणे वापरतो. चॅटबॉटच्या व्यवहारात मात्र ती दोन वेगळी कपाटे आहेत आणि त्यांच्या किल्ल्याही वेगळ्या आहेत.

इतिहास म्हणजे झालेल्या संवादांची यादी, आपण लिहिलेले आणि समोरून आलेले जसेच्या तसे. आठवण म्हणजे त्या संवादांतून काढलेले टिपण. आपण बोलत असतानाच यंत्र काही गोष्टी पुढे उपयोगी पडतील म्हणून बाजूला लिहून ठेवते: हा शाकाहारी आहे, ही शिक्षिका आहे, यांना उत्तरे थोडक्यात आवडतात. हे टिपण संवादात राहत नाही, वेगळ्या जागी जाते. म्हणून संवाद काढून टाकला तरी टिपण जागेवरच राहते. पत्र फाडले, पण पत्र वाचणाऱ्याने डायरीत केलेली नोंद शाबूत राहिली, असा हा प्रकार.

ओपनएआय कंपनीने चॅटजीपीटीमध्ये ही सोय फेब्रुवारी २०२४ मध्ये थोड्या लोकांसाठी सुरू केली आणि पुढे सर्वांना दिली. संवाद काढल्याने आठवण जात नाही, हे कंपनीने आपल्या मदतपानावर स्पष्ट लिहिले आहे. एखादी गोष्ट पूर्ण काढायची तर ती जतन केलेली आठवणही काढावी लागते आणि ती जिथे मुळात बोलली गेली तो संवादही. पण ही माहिती मदतपानावर आहे. संवाद काढताना दाबायच्या बटणाशी ती असायला हवी होती, कारण माणूस निर्णय तिथे घेतो.

आठवणींची यादी पाहता येते, एवढे तरी बरे. चॅटजीपीटीत ‘Settings’ मध्ये ‘Personalization’ आणि त्यात ‘Memory’ असे जावे लागते. तिथे ‘Reference saved memories’ नावाची कळ आहे आणि तिच्याजवळ यादी उघडण्याची जागा. इथे एक सापळा आहे. कळ बंद केली तर यादी वापरली जात नाही, पण पुसलीही जात नाही. पुन्हा चालू केली की सगळे होते तसे हजर. बंद करणे आणि काढणे ही दोन वेगळी क्रियापदे आहेत, हे मी चार वेळा वाचल्यावर माझ्या ध्यानात आले.

आमच्या घरच्या संगणकावर अशी यादी उघडली तेव्हा त्यात अकरा वाक्ये होती. मी ती एखाद्या व्यक्तिचित्रासारखी वाचली. हा माणूस बारावीत आहे. सीईटीची तयारी करतो. त्याला भौतिकशास्त्र अवघड जाते. त्याला पायथन शिकायचे आहे. त्याच्या छातीत गाठ आहे. अहवाल गुरुवारी मिळणार आहे. नवऱ्याला रक्तदाबाचा त्रास असल्याने त्याला हे कसे सांगावे याची त्याला काळजी आहे. त्याला कोकणात जायचे आहे.

हसू आले आणि लगेच थांबले. खाते पुतण्याच्या ईमेलवर काढलेले होते, पण संगणक घराचा. यंत्राच्या लेखी त्या खात्यावर जे कोणी टंकते ते सगळे एकच माणूस. वहिनी आणि त्यांचा मुलगा यांचे मिळून तिथे एक पात्र तयार झाले होते, सतरा वर्षांचे आणि नवरा असलेले. सेटिंग्जच्या पानाचे व्याकरण प्रथमपुरुषी एकवचनी आहे. एक खाते, एक उपकरण, एक माणूस असे ते गृहीत धरते. आपल्याकडे तसे नसते. कोपरखैरण्यातल्या आमच्या इमारतीत निम्म्याहून अधिक घरांत हॉलमधला संगणक किंवा जुना मोबाइल सगळ्यांचा असतो, आणि खाते ज्याला ‘यातलं कळतं’ त्याच्या, म्हणजे बहुधा मुलाच्या, नावाचे. २०२५ मध्ये मोबाइल कंपन्यांच्या योजनांतून असे चॅटबॉट फुकट मिळू लागल्यावर हे आणखी वाढले. ज्याच्या नावाचे सिम, त्याचे खाते, आणि वापरणार सगळे घर.

मराठी वाचकाला आठवणींच्या लेखनाची मोठी परंपरा ठाऊक आहे. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना काय सांगायचे, काय सोडायचे ही निवड लक्ष्मीबाई टिळकांची आहे, हे आपल्याला पानोपानी जाणवते. सेटिंग्जमधल्या या आठवणींत निवडणारा दुसराच आहे आणि आपण फक्त विषय आहोत. समीक्षक म्हणून मला त्या यादीचा दोष विचारला तर मी हाच सांगेन: निवेदक कोण हे ती लपवते, आणि ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याने ती वाचलेली नसते.

•

आता दुसरे कपाट, जे उघडून दाखवताच येत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची आठवण वाढवली गेली. जतन केलेल्या वाक्यांच्या यादीबरोबर आता आधीचे सगळे संवादही संदर्भासाठी घेतले जाऊ लागले. त्याची कळ वेगळी आहे, ‘Reference chat history’. पहिल्या प्रकारात निदान एक यादी होती, वाक्यागणिक काढता येणारी. या दुसऱ्या प्रकारात जुन्या संवादांतून आपल्याविषयी एक समज बांधली जाते, आणि ती वाक्यावाक्याने समोर मांडून एकेक काढण्याची तशी सोय नाही. ही कळ बंद केल्यास त्या मार्गाने जमलेली माहिती तीस दिवसांत काढली जाईल असे कंपनी सांगते. म्हणजे इथे बंद करणे हेच काढणे, आणि शेजारच्या कळीत बंद करणे म्हणजे नुसते झाकणे. एकाच पानावर, एकाखाली एक असलेल्या दोन सारख्या दिसणाऱ्या कळा दोन वेगळ्या गोष्टी करतात. असा मजकूर माझ्याकडे औषधाच्या पत्रकात आला असता तर मी तो परत पाठवला असता.

या दुसऱ्या कपाटामुळेच वहिनींचे काम अवघड झाले. त्यांनी आपले संवाद आधीच काढले होते. आम्ही यादीतली चार वाक्ये काढली. झाले, असे मला वाटले. मग लक्षात आले की पुतण्याचा कोकणच्या आराखड्याचा संवाद यादीत तसाच आहे, आणि त्यात आता बायॉप्सीच्या अहवालाचा उल्लेख छापलेला आहे. तो वहिनींनी केला नव्हता, मुलानेही केला नव्हता. यंत्राने आठवणीतून उचलून तिथे आणला होता. पण आता तो इतिहासाचा भाग झाला होता, आणि इतिहासातून पुन्हा आठवण होऊ शकते. पुसण्याचे काम करताना डाग कुठे कुठे उडाला हेही पाहावे लागते, ते असे.

तो संवाद मुलाचा होता. त्यात त्याने मित्रांशी ठरवलेल्या बसच्या वेळा होत्या. त्याला न सांगता तो काढला असता तर त्याने दुसऱ्या दिवशी विचारले असते. वहिनी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे त्याला सांगावंच लागेल.’ दादाला सांगायच्या आधी मुलाला सांगावे लागेल, हा क्रम त्यांना नको होता. तो त्यांनी निवडलेला नव्हता.

•

यादीच्या डाव्या बाजूला प्रत्येक संवादाला यंत्र आपोआप एक शीर्षक देते. शीर्षके मोठी प्रामाणिक असतात. वर्तमानपत्रातला उपसंपादक जसा बातमीतला नेमका शब्द उचलतो तसाच आजाराचे किंवा भांडणाचे नाव तिथे येते, आणि मागून चालत जाणाऱ्या माणसाला मान न वळवता वाचता येते. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटीत एक बिघाड झाला होता, तेव्हा काही वापरकर्त्यांना दुसऱ्यांच्या संवादांची शीर्षके दिसली. कारण एका मुक्त स्रोत लायब्ररीतली चूक होते. पुढच्या दहा-बारा दिवसांत इटलीच्या विदासंरक्षण प्राधिकरणाने चॅटजीपीटीवर तात्पुरते निर्बंध आणले, त्याच्या कारणांत या घटनेचाही उल्लेख होता. नुसती शीर्षके, पण तेवढी पुरतात.

आता ‘डिलीट’ या शब्दाकडे येतो. चॅटजीपीटीत संवाद काढला की तो लगेच आपल्या नजरेआड होतो आणि कंपनीच्या यंत्रणेतून साधारण तीस दिवसांत जातो, असा तिचा नियम आहे. कायदा किंवा सुरक्षा आड आली तर अपवाद. ही अपवादाची ओळ आपण सगळेच नजरेआड करतो, मीही केली असती. २०२५ मध्ये तिला अर्थ आला. न्यू यॉर्क टाइम्सने डिसेंबर २०२३ मध्ये ओपनएआयवर लेखाधिकाराचा दावा लावला होता. त्या दाव्यात १३ मे २०२५ रोजी न्यू यॉर्कच्या संघीय न्यायालयातल्या दंडाधिकारी न्यायाधीश ओना वांग यांनी आदेश दिला की चॅटजीपीटीच्या उत्तरांच्या नोंदी, एरवी पुसल्या गेल्या असत्या त्या धरून, जपून ठेवाव्यात. फुकट वापरणारे आणि साधी वर्गणी भरणारे त्यात आले. मोठ्या संस्थांसाठीची आणि शिक्षणसंस्थांसाठीची खाती वगळली होती. हे बंधन २६ सप्टेंबर २०२५ रोजी संपले. त्या चार-साडेचार महिन्यांत जगात कुठेतरी कोणी रात्री दोन वाजता काही लिहून पुसले असेल, तर ते पुसण्याचा अर्थ त्याच्या पाठीमागे बदलला होता. वाद एका वृत्तपत्राचा आणि एका कंपनीचा. लिहिणारा त्यात पक्षकार नव्हता.

हे सांगण्यामागे घाबरवण्याचा हेतू नाही. पानावरचा शब्द कंपनीचा इरादा सांगतो, आणि इराद्याच्या वर न्यायालय असते, एवढेच. पत्रांचे तरी वेगळे काय होते? जी. ए. कुलकर्णी किती एकांतप्रिय होते ते आपण सगळे ऐकून आहोत, आणि १९८७ मध्ये ते गेल्यानंतर त्यांची पत्रे खंडाखंडांनी प्रसिद्ध झाली. आपण ती आवडीने वाचतो. पण पत्र लिहिणाऱ्याला ते कोणाकडे आहे हे माहीत असते. त्याचे नाव-पत्ता त्यानेच पाकिटावर लिहिलेला असतो.

•

त्या पत्त्याच्या बाबतीत गूगलच्या जेमिनीचा नियम वाचण्यासारखा आहे. मला तो सगळ्यांत उघड बोलणारा वाटला, आणि म्हणूनच सगळ्यांत अस्वस्थ करणारा. जेमिनीतल्या संवादांची नोंद गूगल खात्यातल्या ‘Gemini Apps Activity’ या पानावर राहते; पुढे या कळीला ‘Keep Activity’ असे नाव दिले गेले. मुळात ठरवून दिलेली मुदत अठरा महिन्यांची. ती तीन किंवा छत्तीस महिने करता येते. नोंद बंद ठेवली तरी सेवा चालवण्यासाठी संवाद बहात्तर तासांपर्यंत राहतो. इथपर्यंत ठीक. पण काही संवाद माणसे वाचतात, उत्तरांचा दर्जा तपासण्यासाठी. असे वाचले गेलेले संवाद खात्यापासून तोडून तीन वर्षांपर्यंत ठेवले जातात, आणि आपण आपली नोंद पुसली तरी ते पुसले जात नाहीत. गूगल स्वतःच सांगते की वाचणाऱ्याच्या नजरेस पडू नये असे काही इथे लिहू नका.

‘खात्यापासून तोडून’ या शब्दांवर मी अडलो. खात्याचे नाव काढले, पण मजकुरातले नाव? वहिनींनी एका रात्री सोनोग्राफीच्या अहवालाचा मोबाइलवर फोटो काढून तो संवादात चढवला होता. त्या कागदावर त्यांचे पूर्ण नाव, वय, मोबाइल क्रमांक, पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि केंद्राचा नोंदणी क्रमांक होता. त्यांना हवा होता फक्त खालच्या तीन ओळींचा अर्थ. त्या तीन ओळी हाताने टंकल्या असत्या तर उत्तर तेच आले असते, आणि मजकूर कोणीही वाचला तरी तो कोणाचाच नसता. सेटिंग्जमधली कुठलीही कळ हे काम करू शकत नाही. ते टंकण्यापूर्वीचे आहे.

मजकूर पुढच्या यंत्राच्या शिक्षणासाठी वापरायचा की नाही, याचीही एक कळ असते. चॅटजीपीटीत ती ‘Data controls’ खाली ‘Improve the model for everyone’ या नावाने आहे. नावातच आर्जव आहे. ‘सगळ्यांसाठी’ सुधारणा करायला नकार देणारा माणूस स्वतःला थोडा कंजूष समजतो. एप्रिल २०२३ मध्ये ही सोय प्रथम आली तेव्हा शिक्षणाला नकार द्यायचा तर संवादांची यादीही सोडावी लागे, कारण दोन्हींसाठी एकच कळ होती. पुढे त्या वेगळ्या झाल्या. पण ही कळ पुढच्या संवादांपुरती आहे; आधी जे शिक्षणासाठी घेतले गेले ते तिने परत येत नाही. आणि एक बारीक गोष्ट: उत्तराखाली अंगठा वर किंवा खाली दाबून मत दिले, तर कळ बंद असतानाही तो सबंध संवाद शिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. आमच्या वहिनी मोठ्या अगत्याच्या. चांगले उत्तर मिळाले की त्या अंगठा दाबत. आभार मानल्यासारखे.

व्हॉट्सॲपचे दोन शब्दांत सांगतो, कारण वाचकांपैकी बहुतेकांकडे ते आहे. तिथला निळ्या वर्तुळाचा सहायक, मेटा एआय, हा बहीण-भावांच्या गटासारखाच एक संवाद दिसतो, पण तसा नाही. माणसामाणसांतले निरोप कुलूपबंद असतात आणि कंपनीला वाचता येत नाहीत. सहायकाला लिहिलेले कंपनीकडे जाते, नाहीतर तो उत्तर देणार कसा. या सहायकाशी झालेल्या संवादांचा जाहिराती ठरवताना उपयोग करण्याचे मेटाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले आणि डिसेंबरपासून अनेक देशांत अमलात आणले. एकाच हिरव्या चौकटीत दोन वेगळे करार नांदतात.

आणि दुवे. संवाद कोणाला दाखवायचा तर त्याचा दुवा करता येतो. चॅटजीपीटीत दुवा करताना तो शोधयंत्रांना सापडू द्यावा का, अशी एक चौकट काही काळ होती. अनेकांनी ती न वाचता टिचकवली, आणि २०२५ च्या जुलैअखेर लोकांचे घरगुती, वैद्यकीय, नोकरीच्या तक्रारींचे संवाद गूगलच्या शोधात दिसू लागले. कंपनीने चौकट लगेच काढली. केलेल्या दुव्यांची यादी ‘Data controls’ मध्येच असते. आमच्या घरच्या खात्यावर अशा यादीत पुतण्याने मित्रांना पाठवलेले दोन दुवे निघाले, गणिताचे. निरुपद्रवी होते, पण ते असल्याचे तोही विसरला होता.

•

त्या शनिवारी आम्ही प्रत्यक्ष काय केले ते सांगतो. आठवणींच्या यादीतून वहिनींची चार वाक्ये काढली; सगळी यादी एकदम काढली नाही, कारण मुलाच्या अभ्यासाच्या नोंदी त्याला हव्या होत्या. जुने संवाद संदर्भाला घेणारी कळ बंद केली. शिक्षणाची कळ बंद केली. दृष्टिआड ठेवलेल्या, म्हणजे ‘अर्काइव्ह’ केलेल्या, संवादांचा कप्पा उघडून पाहिला. त्यात वहिनींचा पहिल्या रात्रीचा संवाद होता. पुसायला म्हणून त्यांनी चुकून शेजारचा पर्याय दाबला होता. तो तीन आठवडे तिथे होता. कोकणचा संवाद तेवढा ठेवला.

मग वहिनींच्या मोबाइलवर त्यांच्या स्वतःच्या ईमेलचे खाते काढले आणि त्यात ‘Temporary chat’ कुठे आहे ते दाखवले. हा तात्पुरता संवाद यादीत येत नाही, आठवण घेत नाही आणि शिक्षणाला जात नाही. सुरक्षेसाठी मात्र त्याची प्रत तीस दिवसांपर्यंत राहू शकते. ‘तात्पुरता’ या शब्दाचा आवाका तीस दिवस, एवढे त्यांनी आपल्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतले. या पर्यायाचा तोटाही त्यांना लगेच कळला. आज विचारलेले उद्या यंत्राला माहीत नसणार, रोज पहिल्यापासून सांगावे लागणार. ‘ते बरंय,’ त्या म्हणाल्या. ‘रोज सांगताना मलाच कळेल किती सांगायचं ते.’

तपासून पाहायची एक साधी रीत मी तेव्हापासून वापरतो. काही पुसल्यानंतर नव्या संवादात त्या विषयाशी दुरूनच संबंध असलेले काही मागायचे: प्रवासाचा आराखडा, आठवड्याचे वेळापत्रक, भेटवस्तूची यादी. थेट विचारण्यापेक्षा यात उरलेले लवकर वर येते, कारण आठवण सूचनेत डोकावते. आम्ही पुढच्या गुरुवारचे वेळापत्रक मागवून पाहिले. त्यात अहवाल नव्हता. पण ‘आरोग्याच्या तपासण्यांसाठी वेळ’ असा एक कप्पा होता. तो कुठून आला? सतरा वर्षांच्या मुलाच्या वेळापत्रकात तो सहसा येत नाही. पुन्हा यादी उघडली, तर एक वाक्य राहून गेले होते: याला रात्री झोप लागत नाही. ते आम्ही मुलाचे समजून ठेवले होते. वहिनींनी ते बघितले आणि म्हणाल्या, ‘ते माझं आहे.’

कायद्याने यात काय मिळते? भारताचा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि माहिती दुरुस्त करून घेण्याचे, पुसून घेण्याचे हक्क त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, प्रत्यक्षात येतील. या कायद्यात मला एक गोष्ट सेटिंग्जच्या पानापेक्षा शहाणी वाटली. माहिती ज्या व्यक्तीविषयी आहे ती व्यक्ती तिची धनी, असे तो म्हणतो. खाते कोणाच्या नावाचे आहे हे तो विचारत नाही. म्हणजे पुतण्याच्या खात्यातल्या त्या चार वाक्यांवर हक्क वहिनींचा. पण तो बजावायचा तर कंपनीला पटवावे लागेल की ‘या खात्यावर रात्री बारानंतर जे लिहिले जाते ते मी आहे’. आणि ते पटवताना जे सांगावे लागेल तेच तर लपवायचे होते.

गुरुवारी अहवाल आला. गाठ साधी निघाली, दर सहा महिन्यांनी तपासायची. वहिनींनी मुलाला बुधवारीच सांगितले होते, दादाला गुरुवारी रात्री. मुलाने कोकणचा संवाद स्वतः काढून टाकला आणि बसच्या वेळा कागदावर उतरवून घेतल्या. दादा मात्र रागावला, गाठीवरून कमी आणि ‘यंत्राला सांगितलंस, मला नाही’ यावरून जास्त. त्या रागाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि वहिनींकडेही नव्हते.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी त्यांना छापून वाचायला दिला. त्यांनी पेनने दोन वाक्ये खोडली, बाकी ठेवले, आणि तो कागद परत न देता पर्समध्ये घातला. मी कार्यालयात येऊन संगणकावरच्या प्रतीतून ती दोन वाक्ये काढली. मग आठवण झाली म्हणून त्या फाइलच्या जुन्या आवृत्त्यांचा कप्पा उघडला. सात आवृत्त्या होत्या. पाचांमध्ये ती वाक्ये होती.